सात पूल, चौदा टोकं

प्रशियातल्या कोनिग्सबर्ग शहरात प्रेगेल नदीवर सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं शहर फिरता येईल का, या प्रश्नाचा अभ्यास करताना गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने १७३६ मध्ये एक साधी मोजणी केली.

नदीमुळे शहराचे चार भाग पडले होते. मधल्या बेटाला पाच पूल लागत, उरलेल्या तिन्ही भागांना तीन-तीन. बेरीज चौदा, म्हणजे पुलांच्या बरोबर दुप्पट.

कारण उघड आहे. प्रत्येक पुलाला दोन टोकं असतात, त्यामुळे तो दोनदा मोजला जातो. हस्तांदोलनातही दोन माणसं लागतात; म्हणून या नियमाला हस्तांदोलनाचा नियम म्हणतात.

एकूण बेरीज नेहमी सम येते. तिच्यातून सम आकडे वगळले, तरी उरलेल्या विषम आकड्यांची बेरीज समच राहते. पण तीन, पाच अशा विषमसंख्येने विषम आकडे मिळवले, तर उत्तर विषम येतं. म्हणून विषम आकड्यांचे भाग समसंख्येनेच असतात. कोनिग्सबर्गमध्ये ते चार होते.

एखाद्याने ५, ३, ३, २ अशी नोंद केली, तर बेरीज तेरा येते. नकाशा न पाहताही सांगता येतं, की मोजणी चुकली आहे.

मात्र बेरीज सम आली, म्हणून मोजणी बरोबरच आहे असं ठरत नाही. दोन चुका एकमेकींना झाकू शकतात.