वक्राची लांबी : वर्गमूळ सुटतं कशामुळे?

सरळ रेषेची लांबी पट्टीने मोजता येते. वक्राची लांबी गणिताने नेमकी काढता येईल का, याबद्दल रने देकार्तला दाट शंका होती. सरळ आणि वक्र रेषांमधलं गुणोत्तर माणसाला कधीच कळणार नाही, असं त्याने १६३७ सालच्या आपल्या भूमितीच्या ग्रंथात लिहून ठेवलं. त्याच वर्षी जन्मलेल्या विल्यम नील या इंग्रज तरुणाने १६५७ मध्ये y² = x³ या वक्राची लांबी काढून दाखवली. आज हेच काम कॉलेजचा विद्यार्थी इंटिग्रल मांडून करतो.

मांडणीच्या मुळाशी पायथागोरस आहे. वक्राचा अगदी बारीक तुकडा घेतला, तर तो जवळजवळ सरळच असतो. तो आडवा dx इतका सरकतो आणि उभा y′·dx इतका चढतो. इथे y′ म्हणजे डेरिव्हेटिव्ह, अर्थात त्या जागचा चढ. या काटकोन त्रिकोणाचा कर्ण म्हणजेच त्या तुकड्याची लांबी. असे सगळे कर्ण मिळवले की सूत्र तयार होतं :

L = ∫ √(1 + (y′)²) dx

मांडणी इथे संपते आणि खरी अडचण सुरू होते, कारण वर्गमुळाखालची बेरीज सहसा सुटत नाही. मग पाठ्यपुस्तकातली उदाहरणं इतकी नीट कशी सुटतात? त्यातलं एक नेहमीचं उदाहरण पाहू : y = x³/6 + 1/(2x), x = 1 पासून 2 पर्यंत.

डेरिव्हेटिव्ह येतं x²/2 − 1/(2x²). त्याचा वर्ग केला की x⁴/4 − 1/2 + 1/(4x⁴) मिळतं. मधलं पद आहे उणे अर्धा. त्यात 1 मिळवला की ते अधिक अर्धा होतं आणि उरतं x⁴/4 + 1/2 + 1/(4x⁴). हा तर x²/2 + 1/(2x²) याचा पूर्ण वर्ग! सगळा फरक मधल्या चिन्हाचा. वर्गमूळ निघून जातं, इंटिग्रल x³/6 − 1/(2x) येतं आणि लांबी मिळते 17/12, म्हणजे सुमारे १.४१७.

यामागचं कारण सोपं आहे. डेरिव्हेटिव्ह a − b असेल, तर वर्गातलं मधलं पद −2ab असतं. 1 मिळवल्यावर ते +2ab व्हायला हवं, म्हणजे ab बरोबर 1/4 हवं. उदाहरण रचणाऱ्याने हा पाव आधीच पेरून ठेवलेला असतो. मूळ वक्रात 1/(2x) च्या जागी 1/x लिहून पाहा. आता ab होतं 1/2, मधलं पद −1 येतं, 1 मिळवल्यावर ते नाहीसंच होतं, आणि मुळाखाली उरलेलं x⁴/4 + 1/x⁴ कशाचाच पूर्ण वर्ग नसतं.

हा पाव केवळ परीक्षकाच्या मर्जीने येतो असं मात्र नाही. दोन टोकांना टांगलेली साखळी जो आकार घेते, त्याचं साधं रूप y = (eˣ + e⁻ˣ)/2 असं आहे. त्याच्या डेरिव्हेटिव्हमधली पदं eˣ/2 आणि e⁻ˣ/2. त्यांचा गुणाकार बरोबर 1/4. म्हणून साखळीची लांबी सहज काढता येते.

चुका मुख्यतः दोन होतात. पहिली, √(1 + (y′)²) ऐवजी 1 + y′ लिहिणं. आपल्या उदाहरणात तसं केलं तर उत्तर २३/१२ येतं. ती आडवं अंतर १ आणि उभं अंतर ११/१२ यांची नुसती बेरीज आहे. कर्णाऐवजी दोन बाजूंनी चालत गेल्यासारखं. दुसरी चूक अधिक फसवी. वर्गाचं वर्गमूळ ऋण नसतं, हे विसरलं जातं. x^(2/3) + y^(2/3) = 1 या वक्राच्या वरच्या अर्ध्या भागात वर्गमूळ |x|^(−1/3) येतं. उभ्या रेघा गाळून −1 ते 1 इंटिग्रल केलं, तर लांबी चक्क शून्य येते. खरं उत्तर आहे ३.

पुष्कळ साधे दिसणारे वक्र मात्र कुठल्याच युक्तीला दाद देत नाहीत. y = sin x च्या लांबीचं इंटिग्रल नेहमीच्या फलांमध्ये लिहिताच येत नाही. तिथे सिम्प्सनच्या नियमासारखी आकडेमोड करावी लागते, आणि 0 ते π पर्यंतची लांबी सुमारे ३.८२ मिळते.

म्हणून डेरिव्हेटिव्हमध्ये दोन पदांची वजाबाकी दिसली, तर वर्ग करण्याआधी त्यांचा गुणाकार करून पाहा. पाव आला तर मूळ सुटणार. आणि उत्तर आल्यावर दोन टोकांमधलं सरळ अंतर जरूर काढा. आपल्या उदाहरणात ते सुमारे १.३५७ आहे. वक्राची लांबी त्याहून कमी आली, तर कुठेतरी चूक आहे हे नक्की समजा.