व्याजदराच्या बातमीतला ‘अर्धा टक्का’

रिझर्व्ह बँकेने जून 2025 मध्ये रेपो दर 6 टक्क्यांवरून 5.5 टक्क्यांवर आणला. ‘रेपो दरात अर्धा टक्का कपात’ असे याचे वर्णन झाले. पण अर्धा टक्का कशाचा? मूळ 6 टक्क्यांचा अर्धा टक्का काढला तर तो जेमतेम 0.03 भरतो आणि नवा दर 5.97 व्हायला हवा. बातमीतला अर्धा टक्का ही दोन दरांची साधी वजाबाकी आहे. या वजाबाकीचे एकक म्हणजे टक्केबिंदू. मूळ दराच्या तुलनेत मोजले तर हीच कपात सुमारे 8.3 टक्के ठरते.

व्याजदर स्वतःच टक्क्यांत सांगितला जातो, गोंधळ तिथेच होतो. बँकांमध्ये तो टाळण्यासाठी ‘बेसिस पॉइंट’ वापरतात. एका टक्केबिंदूत असे 100 पॉइंट असतात, म्हणजे जूनची कपात 50 बेसिस पॉइंटची.

टक्केबिंदूंची बेरीज सरळ होते. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. सहा वेळा झालेली वाढ अनुक्रमे 40, 50, 50, 50, 35 आणि 25 बेसिस पॉइंट, एकूण 250, म्हणजे अडीच टक्केबिंदू. मूळ दराच्या मानाने मात्र ही वाढ 62.5 टक्के होती. दोन्ही आकडे खरे आहेत. मथळ्यात कोणता घ्यायचा, हे बहुधा लिहिणाऱ्याला बातमी भडक हवी की सौम्य, यावर ठरते.

कर्जदाराच्या खिशाला यापैकी कोणता आकडा जाणवतो? समजा, 30 लाखांचे गृहकर्ज 20 वर्षांसाठी 7 टक्क्यांनी घेतले. पहिल्या महिन्याचे व्याज 17,500 रुपये आणि हप्ता सुमारे 23,260 रुपये. हेच कर्ज साडेनऊ टक्क्यांनी घेतले तर दर अडीच टक्केबिंदूंनी जास्त. पहिल्या महिन्याचे व्याज 23,750 रुपये होते, म्हणजे जवळपास 36 टक्के अधिक. हप्ता मात्र सुमारे 27,960 रुपये, म्हणजे 20 टक्क्यांनीच वाढतो, कारण त्यात मुद्दलाची परतफेडही असते. दर कर्ज घेतल्यानंतर लगेच एवढा चढला आणि हप्ता जुनाच ठेवला, तर तो नुसत्या व्याजालाही पुरणार नाही. मुद्दल फिटण्याऐवजी वाढू लागेल. ‘फक्त अडीच टक्के’ या शब्दांतून हे कळत नाही.

दर उतरताना आणखी एक गंमत होते. 6.5 वरून पुन्हा 4 टक्क्यांवर यायलाही अडीचच टक्केबिंदू लागतात, पण ती घट 62.5 नव्हे, सुमारे 38.5 टक्के भरते. कारण आता मोजणीचा पाया 6.5 आहे. त्यामुळे मथळ्यात एकटाच टक्का दिसला, तर बातमीत जुना आणि नवा असे दोन्ही दर शोधावेत. ते दिलेले नसतील, तर त्या टक्क्यावरून हप्त्याचा हिशेब मांडू नये.