अडीच तासांची शिदोरी

हाफ मॅरेथॉन जिंकणारे धावपटू साधारण तासाभरात अंतर संपवतात. पहिल्यांदाच उतरलेला हौशी धावपटू मात्र सव्वादोन-अडीच तास, कधी त्याहूनही जास्त वेळ रस्त्यावर असतो. अंतर दोघांनाही तेच, २१.१ किलोमीटर. पण वाटेत काय खायचं, हा प्रश्न पुढच्यापेक्षा मागच्याला जास्त छळतो. तासाभराचं धावणं आदल्या दिवशीच्या जेवणावर निभावतं. अडीच तासांचं तसं निभावत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट नवखे लोक शेवटच्या आठवड्यापर्यंत मनावर घेत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. डोंबिवलीत राहणारी, बँकेत नोकरी करणारी, ६० किलो वजनाची एक बाई जानेवारीतल्या मुंबईच्या हाफ मॅरेथॉनची तयारी करते आहे. मंगळवारी आणि गुरुवारी सहा-सात किलोमीटर, रविवारी लाँग रन. लक्ष्य अडीच तासांचं.

धावताना एका किलोमीटरला दर किलो वजनामागे ढोबळमानाने एक कॅलरी लागते. म्हणजे २१ किलोमीटरना तिला साडेबाराशेच्या आसपास कॅलरी हव्यात. त्यातल्या काही चरबीतून मिळतात, पण या वेगाला निम्म्याहून जास्त भार कर्बोदकांवर पडतो. ढोबळ हिशेब धरला, तर दोनशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. शरीर ती ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं: बराचसा साठा स्नायूंमध्ये, थोडा यकृतात. पोटभर जेवणाऱ्या माणसाकडे हा साठा तीन-चारशे ग्रॅम असतो, म्हणजे कागदावर भरपूर. पण एका स्नायूतलं ग्लायकोजेन दुसऱ्या स्नायूला उसनं मिळत नाही. दंडातला साठा पायांच्या कामाचा नाही. त्यात आठवडाभर पोळी-भात निम्म्यावर आणलेला असेल, तर पाय रविवारी अर्ध्या साठ्यावरच निघतात.

रोजचं ताट

धावायला लागलं की वजन उतरवायचा मोह होतो आणि पहिली कुऱ्हाड भातावर पडते. रविवारी चौदाव्या किलोमीटरला पाय जड होण्याचं कारण अनेकदा शुक्रवार-शनिवारच्या ताटात सापडतं.

रोज एकच आकडा गाठायची मात्र गरज नसते. विश्रांतीच्या किंवा हलक्या दिवशी दर किलो वजनामागे चार ग्रॅम कर्बोदकं पुरतात. आपल्या धावणारीसाठी ती २४० ग्रॅम झाली. लाँग रनच्या आदल्या दिवशी सहा ग्रॅम, म्हणजे ३६० धरायची. या दोन आकड्यांतला फरक ताटात कसा दिसतो, ते पाहू.

शनिवारी सकाळी बशीभर पोहे, एक केळं आणि साखरेचा चहा घेतला, की ऐंशीच्या आसपास ग्रॅम होतात. दुपारी तीन पोळ्या, वाटीभर भात आणि वरण म्हणजे १३०. संध्याकाळी उकडलेलं मध्यम रताळं, तीस. रात्री मऊ मुगाची खिचडी, बटाट्याची भाजी आणि थोडं दही, ११० पर्यंत. झोपण्याआधी वाटलं तर एक केळं. एकूण बेरीज ३५० ते ३७५. यात बाजारातून आणलेलं खास असं काही नाही. सोमवारी तिला संध्याकाळचं रताळं आणि रात्रीचं केळं लागत नाही, आणि दोन्ही जेवणांतला भात कमी करता येतो.

शनिवारी रात्री काय टाळायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. उसळ, कोशिंबीर, राजमा एरवी उत्तम. पण त्यातला चोथा सकाळी आतड्यात असतो आणि धावताना तो गप्प बसत नाही. तळलेलं पोटातून पुढे सरकायला वेळ घेतं. म्हणून जेवण साधं आणि आठच्या आत.

लाँग रन म्हणजे खाण्याची तालीम

रविवारी साडेपाचला १६ किलोमीटरसाठी निघायचं आहे. रात्रभराच्या उपवासात स्नायूंतला साठा फारसा हलत नाही. यकृतातला मात्र बराच उतरतो, कारण झोपेतही मेंदूला साखर पुरवायची असते. पहाटेचं खाणं आहे ते यकृतासाठी. एक तास आधी खायचं असेल, तर दर किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे साठ ग्रॅम. पांढऱ्या ब्रेडच्या दोन स्लाइसना जॅम आणि एक केळं घेतलं, की काम होतं. दूध सोसत नसेल, तर त्या सकाळी नको. चहाची सवय असेल, तर चहा बिनधास्त घ्यावा.

आता धावतानाचं. तासाभराहून जास्त धावणार असाल, तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हा सर्वमान्य पल्ला आहे. नवख्याने तिशीपासून सुरुवात करावी. धावताना रक्त पायांकडे वळतं, पोटाच्या वाट्याला कमी येतं. पण आतडं सरावाने शिकतं. काही आठवडे दर रविवारी खाल्लं, की तेच पोट तासाला चाळीस ग्रॅम सहज पचवतं.

आपली धावणारी ७ मिनिटांना एक किलोमीटर जाते, म्हणजे १६ किलोमीटरना तिला एक तास बावन्न मिनिटं लागतील. ती अर्ध्या तासाला बिया काढलेले तीन लहान खजूर खाते, साधारण पंधरा ग्रॅम. एक तासाला एक एनर्जी जेल, त्यात बहुधा २२ ते २५ ग्रॅम असतात. पाकिटावर आकडा छापलेला असतो. दीड तासाला पुन्हा खजूर. तासाचा हिशेब तिशीच्या आसपास येतो. भूक लागायची वाट पाहायची नाही. भूक लागेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि खाल्लेलं रक्तात उतरायलाही वेळ लागतो.

खजूर चावताना दम लागतो आणि तोंडाला चिकटतात, हे पहिल्याच रविवारी कळतं. चिक्की त्याहून अवघड, तिचे कण घशात अडकतात. ज्यांना चावणं जमत नाही, त्यांनी पातळ पदार्थांकडे वळावं. अर्धा लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर, म्हणजे तीस ग्रॅम, चिमूटभर मीठ आणि लिंबू पिळलं, की घरचं पेय तयार होतं. जेलबरोबर मात्र साधंच पाणी. जेल आणि गोड पेय एकत्र गेलं, की पोटात साखरेचा पाक होतो. मग कळ, मळमळ.

इथे एक गैरसमज. बरेच जण बाटलीत ओआरएस भरून निघतात आणि आपण ताकद घेतोय असं समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेल्या एक लिटर ओआरएसमध्ये फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ते जुलाबात गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढण्यासाठी आहे. त्याने मीठ मिळेल, इंधन मिळणार नाही.

बिनसलं कुठे, हे ओळखायचं कसं

घरी आल्यावर वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: काय खाल्लं, कधी खाल्लं, आणि कितव्या किलोमीटरला काय झालं. चार-पाच रविवारांनंतर ही वही बोलायला लागते.

बारा-तेरा किलोमीटरनंतर तोच वेग अचानक जड वाटतो, चिडचिड होते, हलकीशी चक्कर येते, तर इंधन कमी पडलं. पुढच्या वेळी आदल्या दिवशीचा भात वाढवा किंवा पहिला घास लवकर घ्या. पोटात पाणी डुचमळतंय, मळमळतंय, तर एका वेळी जास्त गेलं किंवा फार गोड गेलं. तेवढंच खाणं दोन भागांत घ्या. पाचव्या किलोमीटरलाच दम संपला, तर दोष खाण्याचा नाही; सुरुवात जोरात झाली.

पाण्यासाठी वजनकाटा वापरावा. निघण्यापूर्वी आणि आल्यावर, घामाचे कपडे काढून. अर्धा ते एक किलो उतरणं ठीक आहे. वजन वाढलं असेल, तर पाणी गरजेपेक्षा जास्त प्यायलं गेलं. रक्तातलं सोडियम पातळ होऊन डोकं दुखणं, उलटी, गोंधळल्यासारखं होणं असे प्रकार यातून होऊ शकतात. सावकाश धावणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण प्रत्येक टेबलापाशी थांबून पिण्याइतका वेळ त्यांच्याकडे असतो. तहानेपुरतं प्यावं.

आल्यावरचं जेवण

धावून आल्यावर अर्ध्या तासात खाल्लंच पाहिजे, नाहीतर सगळं वाया, असं ऐकायला मिळतं. आठ तासांच्या आत पुन्हा धावायचं असेल, तर घाई समजू शकते. आपली धावणारी पुन्हा मंगळवारी धावणार आहे. तिला तासाभरात एक नीट जेवण आणि पुढे दिवसभर नेहमीची जेवणं एवढं पुरतं. अडचण वेगळीच येते. लांब धावल्यावर भूक मरते, ती नुसत्या चहावर दुपार करते आणि संध्याकाळी फरसाणाचा डबा उघडते. म्हणून भूक नसली, तरी पहिलं खाणं ठरलेलं असावं.

त्यात साठ ग्रॅम कर्बोदकं आणि वीसेक ग्रॅम प्रथिनं हवीत. दोन अंडी, दोन पोळ्या, पेलाभर दूध आणि थोडा गूळ घेतला, की जमतं. अंडी चालत नसतील, तर साठ ग्रॅम मुगडाळीची धिरडी, वाटीभर दही आणि एक केळं. घास उतरत नसेल, तर आधी केळ्याचं शिकरण खावं आणि तासाभराने जेवावं. ग्रुपबरोबर वडापाव खाल्ला, तर आभाळ कोसळत नाही; फक्त त्यात प्रथिनं नावापुरती आणि तेल भरपूर, म्हणून ते जेवण धरू नये.

शर्यतीचे दोन दिवस

शेवटच्या आठवड्यात धावणं कमी होतं, त्यामुळे नेहमीच्या जेवणातही साठा भरत जातो. शेवटचे दोन दिवस कर्बोदकं किलोमागे सात-आठ ग्रॅमपर्यंत न्यावीत, आणि भाकरी-उसळीची जागा भात, बटाटा, पोहे यांना द्यावी. काट्यावर किलोभर वाढ दिसली, तर घाबरू नये. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठवतं. ती चरबी नव्हे.

मुंबईची हाफ पहाटे पाचच्या सुमारास सुटते. म्हणजे नाश्ता तीन वाजता, तोही बहुधा घराबाहेर. त्या वेळी ब्रेड घशाखाली उतरतो का, हे आधीच्या एखाद्या रविवारी तीनला उठून तपासलेलं बरं. शर्यतीत अर्धा, एक, दीड आणि दोन तासांना एकेक जेल घेतलं, की अडीच तासांत नव्वदेक ग्रॅम होतात. ज्यांना खजूर जमले, त्यांनी दोन वेळा खजूर घ्यावेत.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत. आणि तयारीच्या काळात एखादीची पाळी अनियमित झाली, तर तेही डॉक्टरांना सांगावं. धावण्याच्या मानाने खाणं कमी पडत असल्याची ती खूण असू शकते. बाकीच्यांसाठी नियम एकच आहे: जे रविवारी पोटात टिकलं नाही, ते शर्यतीच्या दिवशी खिशात ठेवू नये, मग ते एक्स्पोमध्ये फुकट मिळालेलं का असेना.