नवा फोन, जुना पिन

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातल्या एक आपा गुरुवारी संध्याकाळी घाईघाईने घरी आल्या. सोबत दहावीतला मुलगा आणि हातात नवा कोरा फोन. आपा विड्या वळतात, त्यांची मजुरी बँकेच्या खात्यात जमा होते. मोठी मुलगी पुण्यात नर्सिंगला आहे. तिच्या वसतिगृहाचे साडेसहा हजार रुपये शुक्रवारपर्यंत भरायचे होते. पैसे खात्यात होते, पण पेमेंटचे ॲप पिन घेत नव्हते. मुलाने तीनदा पिन टाकून पाहिला होता. आता स्क्रीनवर पिनचे प्रयत्न संपल्याचा संदेश दिसत होता.

"तोच नंबर टाकतोय, जो मी रोज टाकते," आपा म्हणाल्या. "पैसे खात्यात आहेत ना, मग जात का नाहीत?"

त्यांच्या या एका वाक्यातच सगळा घोटाळा लपलेला होता. आम्ही विचारले, "रोज टाकता म्हणजे नेमका केव्हा टाकता?" आपा म्हणाल्या, "ॲप उघडताना." म्हणजे तो फोनचे कुलूप उघडण्याचा नंबर होता. ॲप उघडताना फोन तोच नंबर किंवा बोटाचा ठसा मागतो. यूपीआय पिन ही वेगळी चीज आहे. तो पैसे पाठवताना आणि शिल्लक पाहताना लागतो. मग आपा भाजी-दूध घेताना काय करत होत्या? त्यांच्या जुन्या फोनवर यूपीआय लाइट सुरू होते. त्यातून लहान रकमा पिन न विचारता जातात. त्यामुळे कित्येक महिने खऱ्या पिनची गरजच पडली नव्हती आणि तो मनातून पुसला गेला होता.

अनेक घरांत असे होते, म्हणून हा पिन राहतो कुठे ते आधी समजून घेऊ.

यूपीआय ही व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआय, या संस्थेने 2016 साली सुरू केली. आपण वापरतो ते ॲप कोणतेही असो, पिन त्या ॲपचा नसतो. तो बँक खात्याचा असतो. आपण चार किंवा सहा आकडे टाकतो ते पान एनपीसीआयने ठरवून दिलेले असते. आकडे तिथेच सांकेतिक रूपात बंद होऊन बँकेकडे जातात आणि बरोबर की चूक ते बँक सांगते. ॲपला पिन कळत नाही आणि फोनमध्ये तो साठवलेला नसतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, नंबर आणि खाते तेच असेल तर फोन बदलल्याने पिन बदलत नाही. जुना पिनच चालतो. दुसरी, एका खात्यासाठी दोन ॲप वापरत असाल तर पिन दोन्हीकडे एकच असतो आणि एकीकडे बदलला की दुसरीकडेही बदलतो. मात्र दोन बँकांत दोन खाती असतील तर पिनही दोन असतात. एका खात्याचा पिन दुसऱ्याला टाकला तर तो चूकच ठरतो.

मग नव्या फोनवर पुन्हा नोंदणी का करावी लागते? कारण ॲपला खात्री हवी असते की बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर याच फोनमध्ये आहे. त्यासाठी ॲप आपल्या फोनमधून गुपचूप एक एसएमएस पाठवते. तो गेला की नंबर, सिम आणि फोन एकमेकांशी जोडले जातात आणि मग बँकेचे नाव व खाते दिसू लागते. आपांच्या मुलाचा पहिला तासभर इथेच गेला होता. फोनमध्ये दोन सिम होती आणि त्याने आपले स्वतःचे सिम निवडले होते. एसएमएस पाठवण्यापुरता रिचार्ज नसला तरी हेच होते. सिम हरवून नवे घेतले असेल तर आणखी एक अडचण येते: सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास त्या नंबरवरून एसएमएस येणे-जाणे बंद ठेवले जाते. कोणी दुसऱ्याने आपल्या नावावर सिम काढून खाते रिकामे करू नये, यासाठी हा नियम आहे. अशा वेळी ॲप पुन्हा पुन्हा काढून टाकण्यात अर्थ नाही, एक दिवस थांबायचे.

थोडक्यात खूण अशी. खाते दिसायच्या आधीच गाडी अडली तर दोष सिम किंवा एसएमएसमध्ये आहे. खाते दिसते, रक्कम टाकता येते आणि शेवटच्या पायरीवर नकार येतो, तर प्रश्न पिनचा आहे.

चुकीचा पिन बहुतेक बँका तीन वेळाच सहन करतात. त्यानंतर सहसा चोवीस तास त्या खात्यावरून यूपीआयने पैसे जात नाहीत. आपांना वाटले की खातेच बंद पडले. तसे नसते. बंद होते ती फक्त यूपीआयची वाट. एटीएम, पासबुक आणि बँकेचा काउंटर चालूच असतात. म्हणून आम्ही म्हटले, पिनचे उद्या-परवा पाहू, आधी फीचे पाहू. शुक्रवारी सकाळी आपा पासबुक घेऊन शाखेत गेल्या, एनईएफटीचा फॉर्म भरला, त्यावर वसतिगृहाचा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड लिहिला. दुपारी मुलीचा फोन आला की पैसे पोहोचले.

आता पिनकडे वळलो. ॲपमध्ये बँक खात्याच्या पानावर दोन वेगळे पर्याय असतात. Change UPI PIN हा पर्याय जुना पिन आठवतो त्यांच्यासाठी असतो, तो आधी जुना पिन मागतो. विसरलेल्यांसाठी Forgot UPI PIN किंवा Reset UPI PIN असे लिहिलेले असते. मुलगा पहिल्याच पर्यायात अडकून बसला होता.

विसरलेला पिन नव्याने ठेवताना बँकेला एकच खात्री करायची असते की समोरचा माणूस खातेदारच आहे. नेहमीचा मार्ग डेबिट कार्डाचा. कार्डावरचे शेवटचे सहा आकडे आणि कार्डाच्या मुदतीचा महिना व वर्ष टाकायचे. मग बँकेकडून ओटीपी येतो. काही बँका त्यानंतर कार्डाचा एटीएम पिनही विचारतात. हे जमले की नवा यूपीआय पिन दोनदा टाकायचा आणि काम झाले. पाच मिनिटांचे काम आहे, पण आपांच्या बाबतीत तेही अडले. त्यांच्या कार्डाची मुदत संपून गेली होती. ॲप म्हणत होते, कार्डाची माहिती चुकीची आहे.

दुसरा मार्ग आधारचा. ज्यांच्याकडे डेबिट कार्ड नाही त्यांच्यासाठी तो फार उपयोगाचा आहे. आधार क्रमांकाचे पहिले सहा आकडे टाकायचे, मग ओटीपी येतात, ते भरले की नवा पिन ठेवता येतो. पण यासाठी खाते आधारशी जोडलेले हवे आणि आधारला जो मोबाइल नंबर आहे तोच बँकेतही हवा. आपांच्या आधारला त्यांच्या मरहूम शौहरांचा नंबर होता. तो कधीच बंद झालेला. म्हणजे ओटीपी येणार कुठे? आमच्या मोहल्ल्यात चौकशी केली तेव्हा लक्षात आले की कितीतरी बायकांच्या आधारला नवऱ्याचा किंवा भावाचा नंबर आहे. ही दुरुस्ती आधार केंद्रावर होते आणि ती पिन अडण्याआधी करून घेण्यासारखी आहे.

आम्ही आपांना विचारले, "बँकेकडून एखादे पाकीट आले होते का?" त्यांनी थोडा विचार केला. घरी जाऊन कपाटातल्या साड्यांखालून एक न फोडलेले पाकीट काढून आणले. आत नवे कार्ड होते. पण नवे कार्ड नुसते हातात असून चालत नाही, ते आधी सुरू करावे लागते. शनिवारी सकाळी त्या मुलाला घेऊन आपल्याच बँकेच्या एटीएमवर गेल्या, ओटीपी घेऊन कार्डाचा पिन तयार केला. घरी येऊन नव्या कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि नवी मुदत टाकली. ओटीपी आला, नवा यूपीआय पिन बसला. खात्री करण्यासाठी आम्ही त्यांना फक्त शिल्लक पाहायला सांगितले. शिल्लक दिसली म्हणजे पिन बँकेने मान्य केला.

एक गोष्ट आपांना नंतर सांगितली. गुरुवारी पिन बरोबर असता तरी साडेसहा हजार रुपये गेले नसते. नव्या फोनवर नोंदणी केल्यानंतर पहिले चोवीस तास साधारण पाच हजार रुपयांचीच मर्यादा असते. आयफोनवर हा काळ बहात्तर तासांचा असू शकतो. पिन बदलल्यावरही काही बँका दिवसभर अशीच मर्यादा ठेवतात. त्यामुळे मोठी रक्कम भरायची असेल त्याच दिवशी फोन बदलू नये.

या गडबडीत एक धोकाही टळला. गुरुवारी रात्री मुलाने इंटरनेटवर शोधून एक कस्टमर केअरचा नंबर काढला होता. पलीकडचा माणूस गोड बोलला आणि स्क्रीन दाखवणारे एक ॲप टाकून घ्या म्हणाला. मुलगा विचारायला आला म्हणून बरे झाले. ते ॲप टाकले की आलेला ओटीपी पलीकडच्याला दिसतो आणि कार्डाचे आकडेही. मग नवा पिन आपण नाही, तो ठरवतो. पिन नव्याने ठेवण्याच्या कामात कोणत्याही टप्प्यावर दुसऱ्या माणसाला काहीही सांगावे लागत नाही. मदतीचा नंबर हवाच असेल तर तो ॲपच्या आत किंवा कार्डाच्या मागच्या बाजूला पाहावा. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

म्हणून घरात नवा फोन येणार असेल तेव्हा जुना फोन चालू असतानाच एवढे करावे. शिल्लक पाहून पिन आठवतो की नाही ते तपासावे. यूपीआय लाइटमध्ये रक्कम असेल तर ते बंद करून पैसे खात्यात परत घ्यावेत, कारण ते त्या फोनशी बांधलेले असते. कार्डाची मुदत पाहावी. मग सिम हलवावे.

आपांनी नवा पिन ठेवताना मुलाला पाठ करून उभे राहायला सांगितले. तो हसला, पण उभा राहिला. आता त्या दर जुम्याला एकदा शिल्लक पाहतात. खात्यात किती आहे ते कळते आणि पिनही विसरत नाही.