गिधाडाने सुतळी सोडली की…

अन्नजाळ्याचा खेळ अनेक निसर्गशिबिरांत होतो. मुले गोल करून उभी राहतात आणि प्रत्येकाच्या गळ्यात एकेका सजीवाचे कार्ड असते. कोण कोणाला खातो हे पाहून त्यांच्यात सुतळी ताणली जाते. मग एका जातीचे कार्ड घेतलेले मूल सुतळी सोडून खाली बसते. ज्यांच्या हातातली सुतळी सैल पडते, त्यांना त्या जातीच्या जाण्याची झळ बसली असे मानायचे.

गिधाडाच्या बाबतीत मात्र हा नियम फसतो. गाव आणि गावाबाहेरचे माळरान डोळ्यांसमोर ठेवून नऊ कार्डे करावीत: गवत, गाय, मेलेली गाय, गिधाड, कुत्रा, कावळा, माशी, बिबट्या आणि माणूस. सुतळीचे आठ तुकडे पुरतात. गवताकडून गायीकडे एक आणि गायीकडून मेलेल्या गायीकडे दुसरा. मेलेल्या गायीकडून गिधाड, कुत्रा, कावळा आणि माशी यांच्याकडे चार. कुत्र्याकडून बिबट्याकडे एक आणि दुधासाठी गायीकडून माणसाकडे एक. बिबट्या कुत्रा खातो, हे कल्पनेने जोडलेले नाही. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात संशोधकांनी बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा त्यांच्या आहारात कुत्र्यांचाच वाटा सर्वांत मोठा निघाला.

आता गिधाड खाली बसते. एकच सुतळी सैल पडते आणि तिचे दुसरे टोक असते मेलेल्या गायीच्या हातात. जिवंत असलेल्या कोणालाच हिसका बसत नाही. गिधाड गेल्याने काही बिघडत नाही, असा निष्कर्ष मुले काढतात. त्यांच्यासमोरची सुतळी तेच सांगत असते.

कारण सुतळी कोण कोणाला खातो एवढेच दाखवते, किती खातो ते दाखवत नाही. म्हणून दुसऱ्या डावात चिंचोके आणायचे. दर फेरीला मेलेल्या गायीजवळ वीस चिंचोके ठेवायचे. त्यातले गिधाड चौदा उचलते, कुत्रा तीन, माशी दोन आणि कावळा एक. तीन चिंचोक्यांवर एक कुत्रा जगतो, असा नियम ठरवायचा. हे आकडे खेळापुरते आहेत, पण गिधाडाचा वाटा मोठा ठेवण्यामागे कारण आहे. गिधाडांचा थवा मेलेले जनावर अगदी थोड्या वेळात फस्त करतो.

गिधाड उठून गेले की त्याचे चौदा चिंचोके तसेच पडून राहतात. पुढच्या फेरीत कुत्र्याला नऊ मिळतात, माशीला पाच, कावळ्याला तीन, आणि उरलेले तीन सडत पडतात. नऊ चिंचोके म्हणजे तीन कुत्रे. कुत्र्याची आणखी दोन कार्डे गोलात येतात आणि प्रत्येकाकडून माणसाकडे एक लाल दोरी जाते. ती खाण्याची नाही, चावण्याची आहे. गिधाडाशी ज्याचा कधीच दोरा जोडलेला नव्हता, तो माणूस आता रेबीजच्या दोऱ्यांनी वेढलेला असतो.

भारतात असेच घडले. 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे 99.9 टक्क्यांनी घटली. दुखण्यावर गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्यामागे असल्याचे 2004 मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून उघड झाले. औषध घेतल्यावर लगेच मेलेले जनावर खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते आणि काही दिवसांत ते मरते. शंभर मेलेल्या जनावरांत एकाहूनही कमी जनावरात असे औषध असले, तरी एवढी घट व्हायला ते पुरे होते. एकाच जनावरावर कितीतरी गिधाडे उतरत असल्याने विष थोडे असूनही बळी खूप पडले.

याच काळात भटकी कुत्री वाढली. त्याला शहरी कचऱ्यासारखी इतरही कारणे आहेत. तरीही इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जिल्ह्यांची तुलना केली. पूर्वी गिधाडे भरपूर असलेल्या जिल्ह्यांत, गिधाडे गेल्यानंतर माणसांचे मृत्यू चार टक्क्यांहून अधिक वाढल्याचे त्यांना आढळले. 2000 ते 2005 या काळातल्या या जादा मृत्यूंचा त्यांचा अंदाज सुमारे पाच लाखांचा आहे. कुत्र्यांमुळे पसरणारा रेबीज आणि कुजक्या अवशेषांनी दूषित झालेले पाणी ही कारणे त्यांनी पुढे मांडली.

तिसरा डाव गिधाड परत आणण्याचा. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक वापरायला भारताने 2006 मध्ये बंदी घातली आणि गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम पर्याय म्हणून पुढे आले. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू विणीला यायला साधारण पाच वर्षे लागतात. म्हणून पाच फेऱ्या गिधाडाने नुसते बसून राहायचे आणि सहाव्या फेरीत गोलात यायचे, तेही फक्त एक चिंचोका उचलायला. पुढे दर फेरीला त्याचा वाटा एकाने वाढवायचा. चौदावर पोहोचेपर्यंत किती फेऱ्या होतात आणि तोवर कुत्र्याची किती कार्डे गोलात उभी राहतात, हे मुलांनी वहीत मांडायचे.