बायोडाटात मूल दिसावे, पण ओळखू येऊ नये

विशेष शिक्षकाच्या जागेसाठी आलेले अर्ज वाचताना एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटते : ‘सर्व प्रकारच्या दिव्यांग मुलांना शिकवण्याचा अनुभव.’ लिहिणाऱ्याला वाटते, अनुभव जितका व्यापक तितके बरे. वाचणारा मुख्याध्यापक मात्र तिथेच थबकतो. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. कर्णबधिर मुलाला भाषा शिकवणे, दृष्टिहीन मुलाला ब्रेल शिकवणे आणि बौद्धिक दिव्यांग मुलाला स्वतःचे कपडे घालायला शिकवणे ही तीन वेगळी कामे आहेत आणि त्यांचे प्रशिक्षणही वेगवेगळे आहे. भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीतही शिक्षकाने कोणत्या क्षेत्राचे शिक्षण घेतले ते लिहिलेले असते. म्हणून बायोडाटात नाव आणि पत्त्यानंतर पहिली ओळ नोंदणीची हवी : अभ्यासक्रम, त्यातले दिव्यांगत्वाचे क्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि नोंदणी कधीपर्यंत वैध आहे ती तारीख. नोंदणीची मुदत संपलेली असेल तर पुढची दोन पाने कितीही चांगली असली तरी अर्ज अडकतो.

त्यानंतर येते आपण नेमके कोणाला शिकवले ते. इथे प्रकाराचे नुसते नाव पुरत नाही. ‘स्वमग्नता’ या एका शब्दात अजिबात न बोलणारे चार वर्षांचे मूलही येते आणि नववीची परीक्षा देणारा मुलगाही. वयोगट, दिव्यांगत्वाची तीव्रता, वर्गातली मुलांची संख्या आणि काळ या चार गोष्टी एका वाक्यात बसतात : ‘मध्यम बौद्धिक दिव्यांगत्व असलेली 8 ते 12 वर्षांची आठ मुले, विशेष शाळेचा प्राथमिक वर्ग, तीन वर्षे. त्यांपैकी दोघांना सेरेब्रल पाल्सीही.’ हे वाचताच वर्ग डोळ्यांसमोर उभा राहतो. एखाद्या प्रकाराची मुले फक्त प्रशिक्षणाच्या सराव पाठात भेटली असतील, तर तसेच लिहावे. मुलाखतीत पहिल्या दोन प्रश्नांत ते कळतेच.

खरी परीक्षा वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याच्या ओळीत होते. शाळांमध्ये याला सरसकट ‘आयईपी’ म्हणतात. मूल आज काय करू शकते हे तपासून पुढच्या काही महिन्यांत त्याने काय शिकावे, ते कसे शिकवायचे आणि शिकले हे कशावरून ठरवायचे, याचा लेखी करार म्हणजे आयईपी. ‘30 मुलांचे आयईपी तयार केले’ या ओळीतून फक्त कागद किती झाले ते कळते. कामाची पद्धत दाखवायची, तर एका मुलाचे एक उद्दिष्ट उलगडावे.

समजा, अशाच वर्गातली नऊ वर्षांची एक मुलगी आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आणि मध्यम बौद्धिक दिव्यांगत्व आहे. घरी तिला आजी भरवते. शिक्षिकेने सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली, ‘एफएसीपी’ नावाची तपासणी सूची वापरून तिची आजची पातळी नोंदवली. मग चमच्याने जेवण्याचे पाच टप्पे पाडले : चमचा धरणे, भरणे, तोंडापर्यंत नेणे, रिकामा करणे, पुन्हा ताटाकडे आणणे. मुलगी फक्त चमचा धरते. बाकीच्या चार टप्प्यांना शिक्षिकेला तिच्या हातावर हात ठेवावा लागतो. तीन महिन्यांचे उद्दिष्ट असे ठरले : घट्ट वरणभात खाताना दहापैकी आठ घास, फक्त तोंडी सूचनेवर, सलग पाच शाळेच्या दिवशी. भात घट्ट, कारण तो चमच्याला चिकटून राहतो. पातळ वरण नंतर येते. ‘मुलीचे जेवण सुधारेल’ असे उद्दिष्ट लिहिले असते, तर तीन महिन्यांनी ते साधले की नाही यावर दोन माणसांचे एकमत झाले नसते.

थेरपीचा समन्वय याच ताटाभोवती होतो. पहिल्या आठवड्यात चमचा वळतो आणि मुलगी पुढे घसरते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट जाड दांड्याचा चमचा आणि उभ्या कडेचे ताट सुचवतात, आणि पाय टेकायला पाट ठेवायला सांगतात. पाय लोंबकळत असले की धड स्थिर राहत नाही, आणि धड स्थिर नसले की हात नीट चालत नाही. जेवताना ती वारंवार खोकते हे शिक्षिकेच्या लक्षात येते. तेव्हा अन्न किती घट्ट असावे हे शिक्षिका स्वतः ठरवत नाही. ती गिळण्याच्या तपासणीसाठी स्पीच थेरपिस्टला कळवते आणि त्यांचा सल्ला येईपर्यंत सराव थांबवते. बायोडाटात हीच सीमारेषा दिसायला हवी. ‘स्पीच थेरपी दिली’ असे लिहिणारा विशेष शिक्षक आपल्या नोंदणीबाहेरचे काम सांगत असतो. जाणत्या संस्था तिथे लाल पेन उचलतात. ‘थेरपिस्टने ठरवलेली बैठक व साधने वर्गातल्या रोजच्या जेवणात वापरली, दर पंधरवड्याला नोंदी कळवल्या’ हे वाक्य साधे आहे, पण भरवशाचे आहे.

पालक प्रशिक्षणाबद्दल बहुतेक अर्जांत ‘पालकांना वेळोवेळी मार्गदर्शन’ एवढेच असते. सभा घेणे आणि शिकवणे यांत फार अंतर आहे, आणि माझ्या मते पूर्ण बायोडाटात सर्वांत कमी लिहिला जाणारा भाग हाच. आपल्या उदाहरणात मुलगी शाळेत आठ घास घेऊ लागली, पण घरी एकही नाही. कारण सकाळी आईला कामावर जायची घाई आणि आजीला नातीचे सांडणे बघवत नाही. शिक्षिकेने घरच्यांशी बोलून फक्त रात्रीच्या जेवणातले पहिले पाच घास ठरवले. उरलेले आजीने भरवायचे. आधी आईने शाळेत येऊन पाहिले, मग तिने स्वतः केले आणि शिक्षिका गप्प बसून पाहत राहिली. आई कुठे लवकर हात पुढे करते ते तेव्हाच कळते. त्यानंतर दर आठवड्याला घरचा छोटा व्हिडिओ पाहून एकच सूचना द्यायची. हे बायोडाटात असे उतरते : ‘सहा कुटुंबांना घरी जेवण व कपडे घालण्याच्या सरावाचे प्रशिक्षण; प्रात्यक्षिक, पालकांचा सराव आणि साप्ताहिक पाठपुरावा. चार घरांत कौशल्य टिकले, दोन घरांत नाही.’ शेवटचे तीन शब्द गाळू नयेत. ते का टिकले नाही हे सांगू शकणारा शिक्षक मुलाखतीत ओळखता येतो.

हे सारे दोन पानांत बसवावे आणि सोबत एका आयईपीचा नमुना जोडावा. त्या नमुन्यातून मुलाचे नाव, फोटो, दिव्यांग ओळखपत्राचा क्रमांक आणि पालकांचा फोन काढणे हे तर आलेच. पण लहान गावात तेवढे पुरत नाही. शाळेचे नाव, वय आणि एखादे दुर्मीळ निदान एकत्र आले की मूल कोणाचे ते गावाला कळते. तिथे नेमक्या वयाऐवजी वयोगट लिहावा, निदान मोघम ठेवावे, नमुना जोडण्यापूर्वी पालकांची आणि शाळेची लेखी संमती घ्यावी आणि ती घेतल्याची एक ओळ नमुन्याखाली लिहावी.