चौकटीच्या तळाशी आलेली सावली : कातरायची कशी, कुठवर आणि का

सीरियातील इदलिब प्रांतात २९ सप्टेंबर २०१३ रोजी टिपलेल्या एका छायाचित्रात आडोसा घेत असलेला एक बंडखोर सैनिक दिसतो. मूळ चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात शेजारच्या वार्ताहराचा व्हिडिओ कॅमेराही आला होता. छायाचित्रकार नार्सिसो कॉन्त्रेरास यांनी संगणकावर आजूबाजूच्या जमिनीचा तुकडा उचलून त्या कॅमेऱ्यावर बसवला आणि तो नाहीसा केला. असोसिएटेड प्रेसने जानेवारी २०१४ मध्ये त्यांच्याशी असलेले संबंध तोडले. आदल्याच वर्षी पुलित्झर मिळवणाऱ्या चमूत ते होते. संस्थेने त्यांची इतर शेकडो छायाचित्रे तपासली, पण तसा फेरफार दुसऱ्या कुठल्याही चित्रात आढळला नाही.

या प्रकरणातील खेदाची बाब अशी की तो कॅमेरा कोपऱ्यात होता. चौकटीची कड थोडी आत घेतली असती, म्हणजे चित्र कातरले असते, तर कोणताही नियम मोडला नसता. वृत्तछायाचित्रणात हा फरक मूलभूत मानला जातो. कातरणारा कमी दाखवतो. पुसून भरणारा जे तिथे नव्हते ते दाखवतो, मग ती चार बोटे माती का असेना. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत २०१० साली स्टेपान रुदिक यांचे पारितोषिक काढून घेण्यात आले तेव्हाही हीच रेघ दिसून आली. त्यांनी मूळ चित्र फार मोठ्या प्रमाणात कातरले होते आणि कृष्णधवलही केले होते. त्यावर परीक्षकांनी आक्षेप घेतला नाही. पार्श्वभूमीतील एका व्यक्तीच्या पायाचा पुसलेला तुकडा मात्र त्यांना भोवला.

कॉन्त्रेरास यांच्या चित्रातील वस्तू दुसऱ्याची होती. रोजच्या कामात चौकटीच्या तळाशी अधिक वेळा येते ती छायाचित्रकाराची स्वतःचीच सावली, किंवा त्याच्या तिवईचा पाय. ही सावली केव्हा येते याचे गणित साधे आहे. कॅमेऱ्याची सावली नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला पडते. सूर्य क्षितिजापासून ३० अंश वर असेल, तर कॅमेऱ्याची सावली कॅमेऱ्यातून पाहता क्षितिजाच्या ३० अंश खाली दिसते. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या पूर्ण आकाराच्या संवेदकावर १६ मिलिमीटरचे भिंग लावून कॅमेरा आडवा व समतल धरला, तर चौकट क्षितिजाखाली जवळजवळ ३७ अंशांपर्यंत पोहोचते. म्हणजे सूर्य पाठीशी असेल तर सावली आत येणारच. २४ मिलिमीटरचे भिंग साडेसव्वीस अंशांवर थांबते, त्यामुळे त्याच जागी, त्याच वेळी घेतलेले चित्र स्वच्छ निघते.

यातून एक सर्रास होणारी चूक कळते. सावली दिसली की अनेकजण गुडघ्यावर बसतात. बसल्याने सावली आखूड होते हे खरे; पण कॅमेराही त्याच प्रमाणात जमिनीजवळ जातो, आणि कोन तोच राहतो. सावली चौकटीत होती तिथेच राहते. बाजूला वळणे, लांब पल्ल्याचे भिंग लावणे किंवा सूर्य वर येण्याची वाट पाहणे, एवढेच उपाय खरे.

एक उदाहरण सविस्तर पाहू. डिसेंबरातील एका सकाळी, पावणेदहाच्या सुमारास, मुंबईत एका मैदानावर मतदारांची रांग उभी आहे. सूर्य सुमारे ३० अंशांवर आणि छायाचित्रकाराच्या पाठीशी आहे. छायाचित्रकाराची उंची १.६५ मीटर, डोळ्याला लावलेला कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर, भिंग १६ मिलिमीटरचे, आणि रांग चार मीटर अंतरावर. त्याच्या डोक्याची सावली त्याच्यापासून २.८६ मीटरवर पडते. चौकटीत जमीन दिसायला मात्र दोन मीटरपासूनच सुरुवात होते. मधल्या ८६ सेंटिमीटरमध्ये डोके आणि खांदे येऊन बसतात. पाऊण-एक तास थांबता आले असते तर सूर्य चाळिशीला टेकून ही सावली आपोआप चौकटीबाहेर गेली असती. पण रांग थांबत नाही.

कॅमेऱ्यातून ६००० बाय ४००० पिक्सेलचे चित्र मिळते. वरील मापांनुसार सावली तळाचे सुमारे ६०० पिक्सेल व्यापते. कातरण्याची रेघ बरोबर ६०० वर मारली, तर मात्र काठाला एक करडी झाक राहून जाते. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी असल्यामुळे सावलीला अर्धछायेची कड असते, आणि या अंतरावर तिचा बाहेरचा भाग साधारण १५ पिक्सेल भरतो. लहान पडद्यावर ती दिसत नाही. छापल्यावर वृत्तपत्राच्या तळाशी डाग पडल्यासारखी दिसते. म्हणून चित्र पूर्ण आकारात मोठे करून तळाची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत तपासावी आणि थोडी जागा अधिक सोडावी. येथे ६२५ पिक्सेल काढणे योग्य. उरते ६००० बाय ३३७५.

आता खरा निर्णय येतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये चौकटीचे मूळ प्रमाण, म्हणजे ३:२, कुलूपबंद ठेवण्याची सोय असते आणि सवयीने ती चालूच राहते. उंची ३३७५ झाली की हे प्रमाण राखण्यासाठी रुंदी ५०६२ वर येते. म्हणजे सावली तळाशी असूनही डाव्या-उजव्या बाजूंचे मिळून ९३८ पिक्सेल जातात. चार मीटरवर ही चौकट नऊ मीटर रुंदी पाहते, तेव्हा गेलेला भाग जवळजवळ १.४ मीटरचा. दोन-तीन मतदार त्यात सहज मावतात. हे मतदार रांगेच्या शेवटाचे असतील तर चित्राचा अर्थच बदलतो. मूळ चित्रात रांग संपताना दिसत होती. कातरलेल्या चित्रात ती कडेपलीकडे कितीही लांब असू शकते असे वाटते. एकही पिक्सेल खोटा नाही, तरी वाचकाची फसगत होते. सावली काढण्याच्या निमित्ताने मतदानाच्या उत्साहाची बातमी तयार होऊ शकते, हे डेस्कवर बसलेल्या माणसाला मूळ चित्र पाहिल्याशिवाय कळणार नाही.

प्रमाणाचे कुलूप उघडले की अडचण सुटते. या उदाहरणात उरलेले ६००० बाय ३३७५ हे प्रमाण नेमके १६:९ आहे. रांग पूर्ण राहते आणि मूळ चित्राचा ८४ टक्के भाग हाती लागतो; ३:२ चा हट्ट धरला असता तर ७१ टक्केच उरला असता. अर्थात आकडे दर वेळी इतके सोयीने जुळत नाहीत. पृष्ठाची मांडणी ३:२ च मागत असेल, तर रांगेचे टोक राखून दुसऱ्या बाजूने कातरावे.

तळ कातरला की चित्राचा तोल बदलतो, हेही लक्षात घ्यावे लागते. आधी मधोमध असलेले क्षितिज आता खालून ४१ टक्क्यांवर येते आणि आकाश वाढल्यासारखे वाटते. आकाश रिकामे असेल तर वरूनही थोडी कात्री चालवावी लागते. चार मीटरवरच्या मतदारांच्या पावलांखाली ३७५ पिक्सेल जमीन उरते, ती पुरेशी आहे. तेच लोक तीन मीटरवर असते तर पावलांखाली जेमतेम ४० पिक्सेल उरले असते आणि माणसे चौकटीच्या कडेवर उभी केल्यासारखी दिसली असती. अशा वेळी पावले वाचवण्याची धडपड सोडून मांडीच्या मध्यापर्यंत वर जावे. घोट्यावर किंवा गुडघ्यावर मारलेली रेघ अपघातासारखी दिसते.

सावली टाळण्यासाठी कॅमेरा वर कलवावा असे काहींना वाटेल. सावली जाईल, पण रांगेमागच्या इमारतीच्या भिंती मागे कलंडतील. कॅमेरा समतल ठेवून नंतर तळ कातरला तर उभ्या रेषा उभ्याच राहतात. वास्तूंच्या छायाचित्रणातले सरकते भिंग हेच करते. म्हणून मागे इमारत असेल तिथे सावली येऊ देऊन पुढे ती कातरणे, हा आळस नव्हे. माझ्या मते तीच चांगली पद्धत आहे.

तिवईचा पाय सावलीहून कमी वेळा येतो, कारण समतल कॅमेऱ्याला तो दिसतच नाही. गच्चीवरून किंवा घाटाच्या कठड्यावरून खाली पाहताना तो येतो. कॅमेरा दीड मीटरवर, १६ मिलिमीटरचे भिंग, ३५ अंश खाली कललेले, आणि एक पाय समोर ६५ सेंटिमीटरवर टेकलेला असेल, तर तळाशी सुमारे ३५० पिक्सेल उंचीचा काळा खुंट दिसतो. रात्रीच्या चित्रात तो अंधारात मिसळतो आणि उजेड वाढवल्यावरच उघडा पडतो. पायाचे टोक हा त्याचा चौकटीतला सर्वांत वरचा बिंदू असतो, म्हणून रेघ त्या टोकाच्या थोडी वर मारली की काम झाले. त्याहून सोपे म्हणजे तिवई फिरवून एक पाय मागे आणि दोन पुढे फाकवणे. दोन्ही पायांची टोके मग साडेबत्तीस सेंटिमीटरच पुढे राहतात आणि या कलालाही चौकटीत येत नाहीत.

सॉफ्टवेअरमध्ये दोन ठिकाणी सावध राहावे. Photoshop मध्ये कातरताना `Delete Cropped Pixels` ही खूण काढून ठेवावी, म्हणजे कापलेला भाग लपतो पण नष्ट होत नाही आणि संपादकाला हवा तेव्हा परत पाहता येतो. मूळ फाइल तर स्वतंत्र जपावीच. दुसरी जागा अधिक धोक्याची. कातरतानाच चित्र सरळ करण्यासाठी थोडे फिरवले की कोपरे रिकामे होतात, आणि `Content-Aware` चा पर्याय चालू असेल तर ते कोपरे आजूबाजूचे पाहून आपोआप भरले जातात. छायाचित्रकाराला वाटते आपण फक्त कातरले. प्रत्यक्षात कोपऱ्यातील जमीन संगणकाने रचलेली असते. वृत्तचित्रासाठी हा पर्याय बंद ठेवावा आणि चौकट कोपरे भरण्याची गरजच पडणार नाही इतकी आत घ्यावी.

काही चित्रांत मात्र कात्रीचा उपाय चालत नाही. रांग चार मीटरऐवजी अडीच मीटरवर असेल तर डोक्याची सावली जमिनीवर न संपता समोरच्या माणसाच्या पोटरीवर चढते, आणि सूर्य आणखी खाली असेल तर छातीवर. तिथे रेघ मारायला जागाच नसते. सावली हटवायची तर माणूसही जातो. वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकारापुढे मग दोनच वाटा राहतात : त्याच क्षणाचे दुसऱ्या कोनातून घेतलेले चित्र पाठवणे, नाहीतर सावलीसकट हेच चित्र पाठवणे.